पस्तीस हजारांचे पंचवीस हजार सातशे

मे महिन्यात भाचीचा फोन आला. ती कराडहून इंजिनिअरिंग करून नुकतीच बाहेर पडली होती आणि हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर तिच्या मेलवर येऊन पडलं होतं. "मामा, चार लाख वीस हजार! म्हणजे महिन्याला पस्तीस हजार ना?" मी पगारपत्रकं करण्यात वीस वर्षं घालवली आहेत, त्यामुळे असा भागाकार ऐकला की माझी जीभ शिवशिवते. तरी तिला म्हटलं, पेढे वाटून घे आणि रविवारी ते पत्र छापून घेऊन ये. मोबाइलवर वाचू नकोस.

आली तेव्हा तिच्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉटही होता. 'मोबदला 3 ते 6 लाख, पात्रतेनुसार' असं त्यात लिहिलेलं. जाहिरातीतला वरचा आकडा अनुभवी माणसासाठी असतो. फ्रेशरने खालचा धरून चालावं. आणखी एक शब्द मी आधी शोधला. 'मानधन' किंवा 'व्यावसायिक शुल्क' असं लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही पगारी नोकर नसून कंत्राटी असता आणि मग पीएफ, भरपगारी रजा यांचा विषयच नसतो. तिच्या पत्रात 'वेतन' होतं. ठीक.

आता मुख्य पत्र. अभिनंदनाची दोन पानं मी उलटली आणि थेट शेवटच्या पानावर गेलो. तिथे परिशिष्ट असतं, आणि कोणत्याही ऑफर लेटरमधलं सगळ्यात खरं पान तेच. त्यावरचा सीटीसी हा शब्द 'कॉस्ट टू कंपनी'चं लघुरूप आहे: या माणसामागे कंपनीला वर्षाला किती खर्च येईल तो आकडा. तो कंपनीच्या वहीतला खर्च आहे, तुमच्या खिशातली मिळकत नव्हे. एवढं डोक्यात बसलं की बाकीची बेरीज-वजाबाकी सोपी आहे.

आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. 4,20,000 मधून आधी 42,000 बाजूला काढले. हा 'व्हेरिएबल पे', म्हणजे वर्षाच्या शेवटी तिची आणि कंपनीची कामगिरी पाहून मिळणारी रक्कम. मिळेलही, अर्धी मिळेल, कधी काहीच नाही. शिवाय बारीक अक्षरात अट होती की ही रक्कम देण्याच्या दिवशी ती कंपनीच्या पटावर हवी. मग कंपनीचा पीएफचा वाटा: मूळ वेतनाच्या 12 टक्के. मूळ वेतन महिना 17,500, म्हणून महिन्याला 2,100, वर्षाचे 25,200. हा पैसा तिचाच, पण आज हातात येणारा नाही. नंतर 10,101 रुपये ग्रॅच्युइटीचे. इथे ती थांबली. "ही दरवर्षी मिळते?" नाही गं. कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावरच ती मिळते. दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, तेही महिना 26 दिवसांचा धरून. ते गणित मूळ वेतनाच्या 4.81 टक्क्यांवर येतं आणि कंपनी ते पहिल्याच दिवसापासून सीटीसीत मांडते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही ओळ बहुधा कागदावरच राहते. शेवटी आरोग्य विम्याच्या हप्त्याचे 6,699.

चारही रकमांची बेरीज बरोबर 84,000. उरले 3,36,000, म्हणजे महिना 28,000. मूळ वेतन 17,500, घरभाडे भत्ता 7,000, विशेष भत्ता 3,500. यातूनही तिच्या वाट्याचा पीएफ 2,100 आणि व्यवसाय कर 200 कापला जाणार. (महाराष्ट्रात हा कर फेब्रुवारीत 300 होतो, वर्षाचे 2,500 भरावेत म्हणून. बायकांना 25,000 पर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही, पण तिचा पगार त्यावर आहे.) प्राप्तिकर या पगारावर काही लागणार नव्हता. हातात 25,700.

तिचा चेहरा उतरला. म्हटलं, कंपनीने खोटं काही लिहिलेलं नाही. तुझ्या पीएफ खात्यात दोन्ही बाजूंचे मिळून 4,200 महिन्याला साठणार आहेत, ते तुझेच. फक्त हिंजवडीतल्या खोलीचं भाडं 25,700 मधून भरायचंय, पस्तीसमधून नाही.

नंतर प्रोबेशन. मराठीत याला परिवीक्षा म्हणतात, पण ऑफिसात हा शब्द कोणी उच्चारत नाही. सहा महिने. त्या काळात कंपनी 15 दिवसांच्या सूचनेवर तिला काढू शकते, तिला मात्र सोडताना 30 दिवस द्यायचे. हा एकतर्फीपणा मला आवडत नाही, पण फ्रेशरच्या पत्रात तो दिसतो. माझं बोट खालच्या ओळीवर गेलं: 'लेखी कायम केल्याखेरीज प्रोबेशन चालू राहील.' ही ओळ मला माझ्या पहिल्या नोकरीत महागात पडली होती. सहा महिने झाले, कोणी काही बोललं नाही, मी समजलो आपण कायम झालो. अकराव्या महिन्यात पगारवाढीच्या यादीत नाव नव्हतं म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की माझं कन्फर्मेशन लेटर साहेबांच्या टेबलावरच पडून होतं. भाचीला सांगितलं, रुजू होशील त्या दिवसापासून सहा महिने मोज आणि आठवडाभर आधी साहेबांना मेल कर.

सगळ्यात जास्त वेळ गेला नोटीस पीरियडवर. कायम झाल्यावर 90 दिवस. वाचताना ही गोष्ट लांबची वाटते, पण पुढची कंपनी महिन्याभरात ये म्हणाली की ती अंगावर येते. मग कर्मचारी म्हणतो, उरलेल्या साठ दिवसांचे पैसे कापून घ्या. इथे दोन प्रश्न. पहिला, पैसे कशावर मोजणार? मूळ वेतनावर दोन महिन्यांचे 35,000 होतात, एकूण पगारावर 56,000. तिच्या पत्रात नुसतं 'वेतन' लिहिलेलं, कोणतं ते नाही. दुसरा प्रश्न अधिक गंभीर: पैसे भरून सुटका हा तिचा हक्क की कंपनीची मर्जी? पत्रात होतं, 'कंपनीला योग्य वाटल्यास'. म्हणजे पैसे पुढे केले तरी कंपनी नाही म्हणू शकते. आणि रिलीव्हिंग लेटर हातात नसेल तर नवी कंपनी रुजू करून घ्यायला कां-कू करते.

सही करण्याआधी तिने एचआरला तीन ओळींचा मेल टाकला. व्हेरिएबल पे कोणत्या महिन्यात मिळतो, नोटीसची वसुली मूळ वेतनावर की एकूण पगारावर, कन्फर्मेशन लेटर कोण देतं. "ते ऑफर मागे घेतील का?" म्हणून ती घाबरलेली. सभ्य भाषेत विचारलेल्या अशा प्रश्नांवर ऑफर गेलेली मी तरी पाहिली नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं: एप्रिलमध्ये, एकूण पगारावर, विभागप्रमुख. दुसरं उत्तर तिला नको होतं, पण ते आता लेखी होतं.

10 जूनला ती रुजू झाली. महिनाअखेर 21 दिवसांचा पगार 19,600 झाला, त्यातून पीएफचे 1,470 गेले. पगार 25,000 च्या आत असल्यामुळे त्या महिन्यात व्यवसाय कर लागला नाही. बँकेचा मेसेज तिने मला पाठवला: 18,130. हाच आकडा तिने आदल्या रात्री वहीत काढून ठेवला होता.