वर्षाच्या मधोमध बदललेला व्याजदर

पगारदारांच्या पतसंस्थेत सूचनाफलकावर सचिवांच्या सहीचा कागद लागतो: ‘संचालक मंडळाच्या ठरावानुसार सभासदांच्या मासिक वर्गणी ठेवीवरील व्याजदर १ ऑक्टोबरपासून द.सा.द.शे. ८ वरून ७ करण्यात येत आहे.’ संस्था सभासदांच्याच ठेवीतून सभासदांना कर्ज देते. कर्जाचा दर उतरवला की ठेवीचा दरही उतरवावा लागतो, नाहीतर मधला फरक खर्चालाही पुरत नाही. ते समजण्यासारखं आहे. खरा घोळ होतो तो मार्चअखेर, व्याज खात्यावर जमा होताना.

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंची वर्गणी ठेव १ एप्रिलला १,२०,००० रुपये आहे. दरमहा पगारातून २,००० रुपये कापले जातात. कपात महिनाअखेरीस संस्थेत पोचते, म्हणून तिच्यावर व्याज पुढच्या महिन्यापासून. म्हणजे एप्रिलला १,२०,०००, मेला १,२२,०००, असं करत सप्टेंबरला १,३०,०००. या सहा शिलकांची बेरीज ७,५०,०००. संस्थेत याला ‘प्रॉडक्ट’ म्हणतात. त्याला ८ ने गुणून १,२०० ने भागायचं (शेकडा म्हणून शंभर, महिन्यांचा हिशेब म्हणून बारा). व्याज आलं ५,००० रुपये.

ऑक्टोबरची शिल्लक १,३२,०००, मार्चची १,४२,०००. या सहा महिन्यांचं प्रॉडक्ट ८,२२,०००. त्यावर ७ टक्क्यांनी ४,७९५ रुपये. वर्षाचं व्याज ९,७९५. दर बदललाच नसता तर १०,४८० मिळाले असते. म्हणजे ठरावामुळे बाईंचे ६८५ रुपये कमी झाले.

आता चूक कुठे होते ते पाहा. संगणकात नवा दर भरताना लागू होण्याची तारीख टाकायची राहिली, तर अख्ख्या वर्षाला ७ टक्के लागतात आणि पासबुकात ९,१७० दिसतात. हक्काचे ६२५ रुपये गेले, आणि दर कमी झालाय हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं कुणी विचारतही नाही. दोन्ही दरांची सरासरी साडेसात धरली तर ९,८२५ येतात, तेही चूकच. दुसऱ्या सहामाहीत शिल्लक जास्त असते, त्यामुळे कमी दराचा भार अधिक पडतो. म्हणून पासबुकातल्या सप्टेंबरच्या शिलकेखाली पेन्सिलनं रेघ मारावी आणि वरचा, खालचा हिशेब वेगवेगळा करावा. आकडा जुळला नाही तर सचिवांकडे व्याज आकारणीचा खातेउतारा मागावा.

मुदत ठेवीचं गणित निराळं. बाईंनी जूनमध्ये वर्षभरासाठी पावती केली असेल, तर पावतीवर छापलेला दर मुदत संपेपर्यंत कायम राहतो. ऑक्टोबरची नोटीस तिला लागत नाही. पुढच्या जूनमध्ये नूतनीकरण करताना मात्र त्या दिवशी चालू असलेला दर मिळेल.