चेक न वटल्यास काय करावे?

समजा, कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने बंगळूरमधील भाड्याची खोली सोडली. घरमालकाने अनामत रकमेपोटी 60,000 रुपयांचा चेक दिला. विद्यार्थ्याने तो आपल्या कोल्हापूरच्या खात्यात भरला. या उदाहरणावरून पुढची प्रक्रिया पाहू.

चेक परत कसा येतो?

विद्यार्थ्याची बँक चेकची प्रतिमा घरमालकाच्या बँकेकडे पाठवते. मूळ कागद इथेच राहतो. घरमालकाच्या खात्यात पुरेसे पैसे नसतील, तर त्याची बँक कारण नोंदवून नकार कळवते. मग विद्यार्थ्याला चेक आणि रिटर्न मेमो मिळतो. हा मेमो जपून ठेवावा. परताव्याचे कारण त्यात असते आणि पुढची मुदतही त्यावरूनच मोजली जाते.

शुल्क

शुल्क दोन्ही बाजूंना लागू शकते आणि त्याचे दर बँकेगणिक वेगळे असतात. शुल्क 500 रुपये असेल, तर 18 टक्के जीएसटी धरून 590 रुपये कापले जातात.

पैसे घेणाऱ्याने काय करावे?

चेक तारखेपासून तीन महिने वैध असतो. तोवर तो पुन्हा भरता येतो. तसे करायचे नसेल, तर परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 नुसार मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटिशीत चेकची पूर्ण रक्कम स्पष्ट मागावी. बँकेचे शुल्क मागायचे असल्यास ते वेगळे दाखवावे.

मेमो 10 जूनला मिळाला, नोटीस 20 जूनला पाठवली आणि ती 24 जूनला पोहोचली असे धरू. घरमालकाला पैसे देण्यासाठी 9 जुलैपर्यंत, म्हणजे 15 दिवस मिळतात. तक्रार 10 जुलैपासून एका महिन्यात करायची असते. 9 जुलैच्या आत केलेली तक्रार अपरिपक्व ठरते.

तक्रार कुठे करायची? 2014 मध्ये दशरथ रूपसिंह राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेक देणाऱ्याच्या बँकेचे ठिकाण ग्राह्य धरले होते. त्या निकालानुसार या विद्यार्थ्याला बंगळूरला जावे लागले असते. 2015 च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकसाठी घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथले न्यायालय चालते. म्हणून त्याची तक्रार कोल्हापुरात होईल.

चेक देणाऱ्याने काय करावे?

नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची पूर्ण रक्कम दिली, तर कलम 138 चा गुन्हा घडत नाही. पैसे बँकेतून पाठवावेत, पोच घ्यावी आणि मूळ चेक परत मागावा. देणे खरे असताना ‘स्टॉप पेमेंट’ केल्याने किंवा खाते बंद केल्याने सुटका होत नाही. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र भेट म्हणून दिलेल्या चेकला हे कलम लागू नाही, कारण त्यामागे कायदेशीर देणे नसते.