हरवलेल्या मांजरीची जाहिरात आणि मुद्दाम न लिहिलेली खूण

दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटायला लागले की सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हरवलेल्या मांजरांचे फोटो फिरू लागतात. बहुतेक फोटोंत मांजर उशीवर लोळत असते. शोधणाऱ्याला मात्र ती गाडीखाली दबकून बसलेली दिसणार असते! म्हणून फोटो हवा तो उभ्या मांजरीचा, एका बाजूने, पट्टे आणि पंजे दिसतील असा.

सोबतचा मजकूर, नमुन्यादाखल, एवढा पुरे:

‘हरवली आहे: मनी. मादी, तीन वर्षांची. राखाडी, काळे पट्टे, चारही पंजे पांढरे. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास कोथरूडमध्ये बागेमागच्या गल्लीतून गेली. बुजरी आहे. दिसल्यास पाठलाग करू नका, धरू नका. फोटो काढून जागा कळवा. फोन: …’

या मजकुरात एक गोष्ट मुद्दाम गाळलेली आहे. मनीच्या शेपटीचे टोक वाकडे आहे, हे फक्त घरच्यांना ठाऊक. कारण जाहिरात चोरही वाचतात. ‘मांजर सापडली, गाडीने उडवली होती, डॉक्टरकडे नेलीय, दोन हजार पाठवा,’ असा फोन आला की घाबरलेला माणूस आधी पैसे पाठवतो आणि मग विचार करतो. पुरावा म्हणून येणारा फोटो अनेकदा जाहिरातीतलाच, कापून पाठवलेला असतो. अशा वेळी ‘शेपटी कशी आहे?’ एवढेच विचारावे आणि व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवायला सांगावे. खरोखर सापडली असेल तर माणूस सहसा लगेच दाखवतो. ‘बक्षीस तुम्हीच पाठवा’ म्हटल्यावर क्यूआर कोड आणि पिन मागण्याचे निमित्त मिळते, म्हणून बक्षिसाची रक्कम लिहू नये. फ्लॅट नंबरही नको. भेटायचे ते दवाखान्यात किंवा दुकानापाशी, दोघांनी मिळून.

‘धरू नका’ ही ओळ बऱ्याच जणांना विचित्र वाटते. पण भेदरलेली मांजर पाठलाग झाला की रस्त्यावर धाव घेते, आणि हाती लागलीच तर चावते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. रेबीजची लस घ्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतात.

घरात वाढलेली मांजर फार लांब जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश 500 मीटरच्या आत मिळाली होती. म्हणजे शहरभर मेसेज फिरवण्यापेक्षा चार गल्ल्यांतले वॉचमन, दूधवाले आणि झाडूवाल्या मावशी यांच्या हाती छापील कागद देणे जास्त उपयोगाचे. रात्री वर्दळ थांबली की पार्किंगमध्ये, डक्टमध्ये बॅटरी मारून बघावे, डोळे चमकतात. कुत्र्याचे तसे नाही, तो फटाक्यांना बिथरून कितीही लांब पळू शकतो.

मांजर मिळाली की त्याच ग्रुपवर ‘सापडली’ लिहून, खांबांवरचे कागद काढून टाकावे लागतात. नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ‘तुमची मांजर इथे दिसली’ असे फोन येत राहतात.