मशीन उलट विचारत नाही

पुण्यातल्या एका कॉलेजात फॅशन क्लबची या वर्षाची पहिली बैठक होती. मैत्रिणीच्या मुलीने नुकताच प्रवेश घेतलाय, तिला सोडायला म्हणून गेले आणि शेवटच्या बाकावर बसून राहिले. पहिल्या वर्षाची तीसेक पोरं समोर होती आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बोलायला उभी राहिली. विषय फळ्यावर लिहिला होता: ‘फोटोतले कपडे बदलायचे प्रॉम्प्ट’.

प्रॉम्प्ट म्हणजे चित्र तयार करणाऱ्या एआयला लिहून दिलेली सूचना. आपला फोटो द्यायचा, ‘अंगावरचा कुर्ता काढून तिथे अमुक घाल’ असं लिहायचं आणि अर्ध्या मिनिटात नव्या कपड्यातला फोटो परत घ्यायचा. 2025 च्या सप्टेंबरात इन्स्टाग्रामवर सगळ्या बायका अचानक जुन्या हिंदी सिनेमातल्या शिफॉनच्या साड्यांत दिसायला लागल्या होत्या, ती करामत हीच. तेव्हा बहुतेकींनी दुसऱ्याचा तयार प्रॉम्प्ट उचलून चिकटवला होता. या मुलीला पोरांना तो स्वतः लिहायला शिकवायचा होता.

तिने सुरुवात घरापासून केली. “माझी आई ब्लाउज शिवते. कुणी कापड टाकून ‘छान शिवा हं’ एवढंच म्हणालं, तर आई त्यांना दारातच थांबवते. गळा किती खोल? हुक पुढे की मागे? बाही कोपरापर्यंत की वर? अस्तर लावायचं का? मशीन यातलं काही विचारत नाही. उत्तरं स्वतःच ठरवतं आणि काहीतरी छान दिसणारं हातात ठेवतं. छान दिसतं म्हणून आपण फसतो.”

मग पडद्यावर तिचाच फोटो आला. कॉलेजचा जिना, निळा कुर्ता, जीन्स, डाव्या खांद्याला शबनम, उजव्या खांद्यावरून पुढे आलेली वेणी आणि कठड्यावर टेकलेला हात. पहिल्या दिवशी तिने त्याला एवढंच लिहून दिलं होतं:

```
Make her wear a traditional Maharashtrian saree
```

जे आलं ते पाहून वर्ग हसला. साडी आली होती, पण पुढे निऱ्या असलेली सहावारी. नाकात नथ, केसांत गजरा, गळ्यात पदरी काहीच नसलेलं सोनं. जिन्याचा वाडा झालेला. चेहरा दोन छटा उजळ आणि हनुवटी निमुळती. शबनमचा पट्टा तर थेट साडीचा काठ होऊन बसला होता. “ताई, ही तुमची मावसबहीण का?” पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. “लांबची,” ती म्हणाली.

हे असं का होतं, हे तिने सोपं करून सांगितलं. ही मशीनं फोटो आणि त्याखालची वर्णनं यांच्या प्रचंड ढिगावर शिकलेली असतात. ‘महाराष्ट्रीय पारंपरिक साडी’ असं वर्णन असलेले फोटो लग्नातले, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतले, त्यामुळे साडी म्हटलं की नथ तिच्या मागोमाग येते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याला वाटतं, मशीन कात्रीने कुर्ता कापून काढतं आणि तिथे साडी चिकटवतं. तसं नसतं. बरीच मशीनं मूळ फोटोकडे बघत अख्खं चित्र नव्याने रंगवतात, चेहऱ्यासकट. चेहरा तसाच राहिला तर तो त्यांनी नीट नक्कल केला म्हणून. म्हणून काय बदलायचं हे लिहिणं अर्धंच काम. काय बदलायचं नाही, हे तितकंच सविस्तर लिहावं लागतं.

तिचा दुसरा प्रॉम्प्ट असा होता:

```
Replace only the kurta and jeans with a nine-yard
sari. The cloth passes between the legs and is
tucked in at the back of the waist, so each leg is
wrapped separately. Purple silk, narrow gold border,
end piece over the left shoulder.
Keep the face, skin tone, plait, cloth bag, hands,
staircase and light exactly as they are.
No nose ring, no necklace.
```

यात ‘नऊवारी’ आणि ‘काष्टा’ हे शब्द कुठेच नाहीत, हे तिने मुद्दाम दाखवलं. ‘नऊवारी’ लिहून बघितलं तर पुन्हा निऱ्यांची सहावारीच येत होती. म्हणून तिने नाव सोडलं आणि नेसण सांगितली: कापड दोन पायांमधून मागे जातं, कमरेला मागच्या बाजूला खोचलं जातं, त्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे झाकले जातात. आजी नात्याला नऊवारी शिकवताना जे बोलेल तेच, फक्त इंग्रजीत. सूचना मराठीत लिहिली तरी आता बरीच मशीनं समजून घेतात, पण नेसण उलगडून सांगावी लागते ती लागतेच.

पैठणीचं तेच. नुसतं ‘पैठणी’ लिहिलं की अंगभर मोर नाचतात. पारंपरिक पैठणीचं अंग साधं किंवा बारीक बुट्टीचं असतं, मोर आणि मुनिया बसतात त्या पदरावर आणि काठावर. तेव्हा अंग कसं, काठ किती रुंद, पदरावर काय, हे तिन्ही वेगळं सांगायचं. धूपछाव हवी असेल तर ‘ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, हललं की रंग बदलतो’ असं. मला ऐकताना गंमत वाटत होती. पोरीला हे सगळं सांगता येत होतं कारण तिला साडी माहीत होती. ज्याला काठ आणि पदर यांतला फरक माहीत नाही, त्याला मशीन चुकलंय हेही कळणार नाही.

दुसरं चित्र बरंच जमलं होतं. काष्टा आला, जिना राहिला, वेणी राहिली. पण नथ होतीच. “मी ‘नथ नको’ लिहिलं आणि नथ आली,” ती म्हणाली, “घरात लहान भाऊ असेल त्याला कळेल.” काही मशीनं नकार नीट पाळत नाहीत, शब्द दिसला की वस्तू काढून मोकळी होतात. मग तिने शेवटची ओळ खोडून ‘नाक, कान आणि गळा फोटोत आहेत तसेच मोकळे’ असं लिहिलं. नथ गेली.

काही साधनांत फोटोवर बोट फिरवून जागा आखता येते: एवढंच बदल, बाहेरचं जसंच्या तसं ठेव. याला मास्क म्हणतात. चेहरा वाचवायचा तर हा सगळ्यात पक्का उपाय. पण इथे नवशिके एक चूक हमखास करतात. ते अंगावरच्या कपड्याच्या कडेकडेने मास्क आखतात. जीन्स पायाला चिकटलेली, तिच्या मापाच्या जागेत नऊवारी मावणार कशी? आठ मीटरच्या वर कापड असतं ते. मग मशीन साडीची छापील सलवार करून देतं. घोळदार कपडा हवा असेल तर मास्क अंगापासून चांगला लांब, जिन्याच्या भिंतीवर जाईल इतका आखायचा आणि पुढे आलेली वेणी मात्र त्यातून वगळायची.

चित्र आलं की ती आधी चेहरा बघत नाही, काठ बघते. कापडाला चुणी पडली की काठ त्या चुणीत शिरतो, थोडा लपतो, पुन्हा बाहेर येतो. मशीनने घाई केली असेल तर काठ चुण्यांची पर्वा न करता भिंतीवरच्या कागदासारखा सपाट धावतो, किंवा मधेच विरून जातो आणि हातभर पुढे वेगळ्याच नक्षीने उगवतो. त्यानंतर सावली. फोटोत उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. चुण्यांच्या सावल्या उजवीकडे पडायला हव्यात. मग कठड्यावरची बोटं मोजायची.

चुकलं तर काय? “आलेल्या चित्रालाच पुन्हा दुरुस्त करत बसू नका,” ती म्हणाली. तिने तसं केलं होतं. काठ रुंद केला, मग रंग गडद केला, मग बाही लांब केली, असं सहा वेळा. पडद्यावर ती सहा चित्रं ओळीने लावली तेव्हा पहिलीतली मुलगी आणि सहावीतली मुलगी वेगळ्या होत्या. दर फेरीत चेहरा थोडा थोडा घसरतो, पाठोपाठच्या दोन चित्रांत ते लक्षात येत नाही. प्रत्येक वेळी मूळ फोटोवर परत जायचं, प्रॉम्प्टमध्ये एकच गोष्ट बदलायची आणि जुना प्रॉम्प्ट वहीत लिहून ठेवायचा.

मागच्या एका मुलाने विचारलं, पूर्ण बाहीचा कुर्ता असताना मशीनला दंड कसा दिसतो? प्रश्न नेमका होता. मशीनला तो दिसत नाही, ते अंदाजाने रंगवतं. साड्यांच्या त्या लाटेत एका मुलीने तक्रार केली होती की झाकलेल्या हातावरचा तीळ मशीनच्या चित्रात आला, आणि देशभर चर्चा झाली. एखाद्या वेळी अंदाज लागूही शकतो, पण कापडाखालचं जे दिसतं ते तुमचं अंग नसतं, बनवलेलं असतं. फॅशन शिकणाऱ्याने याचा दुसरा अर्थही घ्यावा, असं ती म्हणाली. चित्रातला ब्लाउज तुम्हाला बसतो हे मशीनला ठाऊक नाही. त्याने खांदा अरुंद केला, कंबर बारीक केली आणि कपडा त्या बनवलेल्या अंगाला बसवला. फॅशनच्या रेखाचित्रात बाई नऊ डोक्यांइतकी उंच काढायची जुनी पद्धत आहे, खरं माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास असतं. पण तिथे बघणाऱ्याला ते रेखाटन आहे हे माहीत असतं. इथे ते फोटोसारखं दिसतं. त्यावरून कापड बेतायला घेऊ नये.

क्लबचा एक नियम तिने आवाज न चढवता सांगितला. फोटो स्वतःचा, किंवा ज्याचा असेल त्याने होकार दिलेला. वर्गातल्या कुणाचाही फोटो गंमत म्हणून घालायचा नाही, कपडे बदलून बघायचे नाहीत. मोडला तर त्याच दिवशी क्लबमधून बाहेर. या वेळी कुणी हसलं नाही.

शेवटी तिने तिसरं, जमलेलं चित्र पडद्यावर ठेवलं. जांभळी नऊवारी, काठ चुणीत शिरलेला, शबनम शबनमच्या जागी. मी मनातून दाद दिली. तेवढ्यात मैत्रिणीच्या मुलीने हात वर केला. “ताई, काष्टा मागून कसा दिसतो?”

फोटो समोरून होता. मशीनने मागची बाजू काढलेलीच नव्हती. तिने प्रोजेक्टर बंद केला, पिशवीतून आईची नऊवारी काढली आणि कुणाकुणाला नेसता येते ते विचारलं. तीस जणांत दोन हात वर आले, त्यातला एक मुलाचा होता.