बोटांकडून वर विणलेला मोजा

हाताने विणायचा लोकरी मोजा दोन्ही टोकांकडून सुरू करता येतो. पश्चिम युरोपात तो बहुधा पोटरीवरच्या काठापासून सुरू करून बोटांशी संपवण्याची रीत रुळली, तर तुर्कस्तान, इराण आणि बाल्कन प्रदेशात बोटांपासून सुरू करून वर जाण्याची पद्धत पूर्वापार चालत आली आहे. या दुसऱ्या पद्धतीचा खरा फायदा असा की, मोजा विणून होत असताना तो सुयांसकट पायात चढवून पाहता येतो आणि पुढचे माप कागदावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष पावलावरून ठरवता येते. मात्र या पद्धतीत काठ अगदी शेवटी येतो, आणि तो किती ताणला जातो यावर सगळ्या कामाचा उपयोग अवलंबून राहतो.

एक नेमके उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होतो. चवड्याचा घेर २२.५ सेंटीमीटर आणि लांबी २५ सेंटीमीटर असलेल्या पावलासाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असा बारीक धागा घेतला आणि अडीच मिलिमीटरच्या सुयांवर नमुन्याचा तुकडा विणला, तेव्हा १० सेंटीमीटरमध्ये आडवे ३२ टाके आणि उभ्या ४४ ओळी बसल्या, असे समजू. मोजा पावलाला चिकटून राहावा म्हणून तो घेरापेक्षा सुमारे दहा टक्के लहान ठेवतात. त्यामुळे २०.२५ सेंटीमीटर रुंदीसाठी ६५ च्या आसपास टाके लागतात आणि चाराने भाग जावा म्हणून ते ६४ धरले जातात. लांबीही पावलापेक्षा सुमारे एक सेंटीमीटर कमी, म्हणजे २४ सेंटीमीटर ठेवली जाते. ती पूर्ण २५ ठेवली तर धुतल्यानंतर टाचेमागे सैल घडी पडते.

सुरुवातीला दोन समांतर सुयांवर धागा आळीपाळीने गुंडाळून दोन्ही सुयांवर १२-१२ टाके घालतात. ज्युडी बेकर यांनी २००६ मध्ये ‘निटी’ या विणकामविषयक नियतकालिकात मांडलेल्या या रीतीमुळे बोटांच्या टोकाला शिवण राहत नाही, कारण दोन्ही बाजूंचे टाके मुळातच एकमेकांत गुंतलेले असतात. नंतर एकाआड एक फेरीत दोन्ही कडांना मिळून चार टाके वाढवले की २० फेऱ्यांत २४ चे ६४ टाके होतात. येथे मोजा पहिल्यांदा पायात घालून पाहावा. करंगळीच्या बाजूला ताण पडून टाक्यांमधून त्वचा दिसत असेल तर आणखी चार टाके वाढवावेत, आणि बोटांवर कापड गोळा होत असेल तर चार टाके कमी ठेवावेत. या टप्प्यावर उसवण्यात फारशी मेहनत वाया जात नाही.

यानंतर पाऊल सरळ नळीसारखे विणत नेतात आणि टाच कोठे सुरू करायची हा प्रश्न येतो. टाचेसाठी ६४ पैकी तळव्याकडचे ३२ टाके वापरले जातात आणि त्यांवर अपुऱ्या ओळी विणतात, म्हणजे ओळ शेवटपर्यंत न नेता प्रत्येक वेळी आधीच्या वळणाच्या एक टाका अलीकडे काम वळवतात. असे दोन्ही बाजूंना दहा-दहा टाके मागे सोडले की मध्ये १२ उरतात आणि २० ओळींचा, म्हणजे साधारण साडेचार सेंटीमीटरचा, निमुळता पट्टा तयार होतो. तेवढी लांबी टाच स्वतः देत असल्यामुळे २४ मधून साडेचार वजा करून टाच १९.५ सेंटीमीटरवर सुरू करतात. त्या वेळी मोजा पायात घातल्यास सुया घोट्यासमोर, जेथे पाऊल पायाला मिळते त्या वळणाशी, येतात. आकडा आणि पाऊल यांत फरक पडला तर पावलाचे ऐकावे.

वळणाशी भोक पडू नये म्हणून जर्मन रीतीने दुहेरी टाका करतात. काम वळवल्यावर पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, मग धागा पुढून सुईवरून मागे घट्ट ओढायचा, म्हणजे त्या एका टाक्याचे दोन पाय सुईवर उभे राहतात; पुढे ते दोन्ही एकत्र धरून एकच टाका म्हणून विणले जातात. पट्टा निमुळता झाल्यावर सर्व ६४ टाक्यांवरून दोन फेऱ्या विणतात, ज्यांत हे दुहेरी टाके मिटतात, आणि मग मधल्या बारा टाक्यांपासून ओळी पुन्हा दोन्हीकडे रुंदावत नेतात. जर्मनीत या टाचेला ‘बूमरँग टाच’ म्हणतात. धागा पुरेसा न ओढल्यास दोन्ही अर्ध्यांच्या सांध्यावर तिरक्या रेषेत बारीक छिद्रे दिसतात, तर टाचेच्या दोन कोपऱ्यांत पडणारी मोठी फट मधला आडवा धागा उचलून शेजारच्या टाक्याबरोबर विणल्याने बुजते.

या टाचेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. पट्टी आणि पाचर असलेल्या पारंपरिक टाचेत पावलाच्या उंच भागासाठी जादा कापड मिळते, ते येथे मिळत नाही. त्यामुळे ज्याच्या पावलाची वरची बाजू उंच आहे त्याच्या मोज्यावर घोट्यासमोर आडव्या ताणाच्या रेघा उमटतात आणि टाचेचा भाग तळव्याखाली ओढला जातो. उपाय असा की, टाचेपूर्वीच्या आठ फेऱ्यांत तळव्याच्या दोन्ही कडांना एकाआड एक फेरीत एकेक टाका वाढवून आठ टाके मिळवावेत आणि टाच ३२ ऐवजी ४० टाक्यांवर, दोन्हीकडे बारा-बारा टाके सोडून, विणावी. मग तिची खोली सुमारे साडेपाच सेंटीमीटर होते, म्हणून ती एक सेंटीमीटर आधी सुरू करावी लागते, आणि वाढवलेले आठ टाके टाच संपल्यावर काही फेऱ्यांत कमी करावे लागतात.

घोट्याच्या वर धागा पुरेल तेवढी उंची घेता येते, आणि म्हणूनच १०० ग्रॅमचा गुंडा आधीच तोलून ५०-५० ग्रॅमचे दोन भाग करण्याची शिस्त उपयोगी पडते. शेवटचे चार सेंटीमीटर दोन सुलट, दोन उलट असे विणले की काठ लवचिक होतो. परंतु टाके बंद करण्याची नेहमीची रीत ती लवचिकता घालवून टाकते, कारण प्रत्येक टाका पुढच्यावरून उतरवताना काठावर मोजक्या धाग्याची साखळी तयार होते. आपल्या उदाहरणातील पावलाचा टाचेच्या टोकावरून घोट्यासमोर तिरका घेतलेला घेर ३१ सेंटीमीटर भरतो असे धरले, तर २० सेंटीमीटरच्या काठाला तेवढे उघडता आले पाहिजे.

त्यासाठी दोन रीती भरवशाच्या आहेत. जेनी स्टेमन यांची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत प्रत्येक सुलट टाक्यापूर्वी धाग्याचा वेढा उलट दिशेने आणि प्रत्येक उलट टाक्यापूर्वी नेहमीच्या दिशेने सुईवर घेते, टाका विणून तो वेढा त्यावरून उतरवते आणि मगच आधीचा टाका बंद करते, म्हणजे काठाला टाक्यागणिक जादा धागा मिळतो. दुसरी एलिझाबेथ झिमरमन यांची शिवणीची रीत असून तिच्यात बोथट सुई उजवीकडून डावीकडे दोन टाक्यांतून नेऊन, परत पहिल्या टाक्यातून काढून, तो सोडून देतात. पहिली रीत अधिक ताणते, पण सैल हाताने केल्यास काठाला झालर पडते. दुसरीचा काठ सपाट बसतो, मात्र दर टाक्याला धागा खेचला गेला तर तीही आवळते. कोणतीही रीत निवडली तरी निदान दीड मीटर धागा राखून ठेवावा, आणि त्याचे टोक आत लपवण्यापूर्वी मोजा एकदा पायात चढवून पाहावा. तो टाचेवर अडला तर तेवढाच काठ उसवून पुन्हा बंद करावा.