गणिताचे उत्तर आणि मालाची गाडी

रायपूरच्या गुढ़ियारीतील घाऊक बाजारात एक व्यापारी आहे असे मानू. त्याच्याजवळ 40 लाख रुपये खेळते भांडवल असून गोदामात सहा गाड्यांचा माल मावतो. तांदळाच्या एका गाडीत 4 लाख गुंतून 9 हजार रुपये नफा मिळतो. डाळीच्या गाडीत 9 लाख गुंतून 20 हजार मिळतात. कोणत्या मालाच्या किती गाड्या मागवाव्यात?

असे प्रश्न रेषीय नियोजन, म्हणजेच लिनिअर प्रोग्रॅमिंग, सोडविते. त्याचे उत्तर येते: तांदळाच्या 2.8 गाड्या, डाळीच्या 3.2 गाड्या, नफा 89,200 रुपये. परंतु या उत्तरामागे चार गृहीतके दडलेली असतात.

पहिले विभाज्यता, म्हणजे गाडीचे हवे तेवढे तुकडे करता येतात हे. व्यापाऱ्यास मात्र पूर्ण गाडीच घ्यावी लागते. अपूर्णांक सोडून 2 आणि 3 गाड्या घेतल्या, तर नफा 78 हजारांवर येतो. जवळच्या पूर्णांकाप्रमाणे 3 आणि 3 घेतल्यास 87 हजार. खरे उत्तम उत्तर मात्र तांदळाची 1 आणि डाळीच्या 4 गाड्या, नफा 89 हजार, हे आहे. एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीने ते सापडते. डाळीच्या गाड्या 3.2 येतात, म्हणून प्रश्नाचे दोन भाग करावयाचे, 'तीन किंवा कमी' आणि 'चार किंवा अधिक'. पहिल्या भागाचे सर्वोत्तम उत्तर 87 हजार, दुसऱ्याचे 89 हजार.

दुसरे गृहीतक समप्रमाणतेचे: प्रत्येक गाडीवर नफा सारखाच. चौथी गाडी उतरताच डाळीचा भाव नरमला आणि तिच्यावर 14 हजारच सुटले, तर एकूण नफा 83 हजार होतो व 3-3 ची योजना सरस ठरते.

तिसरे बेरीजशीलतेचे: दोन्ही मालांचा नफा स्वतंत्रपणे मोजून मिळविता येतो. एकाच किरकोळ दुकानदारास तांदूळ व डाळ एकत्र पोचवून वाहतूक खर्च वाचत असेल, तर ही बेरीज चुकते आणि मिश्र योजनेचे मोल कमी धरले जाते.

चौथे निश्चिततेचे: सर्व आकडे आधीच ठाऊक आहेत. येथे परीक्षा सोपी आहे. डाळीच्या गाडीमागे नफा किती घसरला म्हणजे निर्णय बदलतो, हे पाहावे. दोन्ही योजना 18 हजारांवर समान होतात. त्याखाली 3-3 चांगली. म्हणजे दर गाडीमागे अवघ्या दोन हजारांच्या घसरणीने निर्णय फिरतो.

म्हणूनच प्रकल्प अहवालातील 'सर्वोत्तम' आकडा वाचताना ग्राहकाने आणि कर्ज अधिकाऱ्यानेही या चार प्रश्नांची उत्तरे आधी मागावीत.