पुऱ्यांचं तळण आणि धुराचा अलार्म

इंग्लंडमध्ये शिकणारी एक मराठी विद्यार्थिनी एका खोलीच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच पुऱ्या तळते. शेगडी विजेची, कढईऐवजी खोलगट पातेलं आणि छताला धुराचा अलार्म. पहिल्या तीन-चार पुऱ्या टम्म फुगतात, मग तेल काळवंडतं, धूर येतो आणि अलार्म वाजू लागतो.

अशा अनेक अलार्ममध्ये प्रकाशाचा झोत असतो. धुराचे किंवा तेलाच्या वाफेचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. पुरी फुगायला तेल साधारण 180 अंश सेल्सियस पुरतं. रिफाइंड सूर्यफूल तेल एवढ्यावर धुरकटत नाही. इथे धूर होतो तो लाटताना लावलेल्या कोरड्या पिठामुळे. ते तेलात झडतं, तळाशी बसून करपतं. त्यात विजेची तबकडी आच कमी केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून तेल तापतच जातं.

दुसऱ्या खेपेला ती कणीक घट्ट मळते, पिठाऐवजी तेलाच्या बोटाने पुरी लाटते. कणकेचा कण तेलात टाकताच लगेच वर आला की पहिली पुरी सोडते. तेल धुरकटण्याआधीच पातेलं तबकडीवरून बाजूला घेते. खिडकी आणि एक्झॉस्ट आधीपासून चालू असतात.

अलार्म मात्र कधीही झाकू नये. तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये; शक्य असल्यास शेगडी बंद करून झाकण सरकवावं, नाहीतर बाहेर पडावं.